तीन पानांचं झाड

या झाडाला पानं तीनच आहेत. बुंध्यापाशी एक प्रश्न: खेळाडूला मुख्य लीगमध्ये साडेचार वर्षांहून कमी काळ झाला आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर डावीकडचं पान, आणि पुढे विचारायचं काही नाही. ‘नाही’ असेल तर उजव्या फांदीवर दुसरा प्रश्न: गेल्या हंगामात त्याचे हिट ११७.५ पेक्षा कमी आहेत का? त्या उत्तरावरून उरलेल्या दोन पानांपैकी एक. डाव्या पानाचा पगार १,६५,१७४ डॉलर निघतो, मधल्याचा ४,०२,८३४ आणि उजव्याचा ८,४५,३४६. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांच्या एका पिढीनं हे झाड पाहिलेलं असतं. गॅरेथ जेम्स, डॅनिएला विटन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी यांच्या २०१३ साली आलेल्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या पुस्तकात आठव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच ते उभं आहे. बहुतेक जण ते एकदा पाहतात, रिग्रेशन ट्री म्हणजे काय ते कळलं म्हणतात आणि पान उलटतात. मला मात्र ते सावकाश वाचण्याजोगं वाटतं. झाडाची बाजू कुठे बळकट असते आणि सरळ रेषा कुठे वरचढ ठरते, या दोन्ही गोष्टी त्या तीन पानांत दडलेल्या आहेत. आणि चित्र जे सांगतं त्यातलं सगळंच खरं नाही.

आधी माहिती कुठली ते सांगतो. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा १९८६ चा हंगाम आणि १९८७ च्या हंगामाच्या सुरुवातीचे पगार. आर वापरणाऱ्यांना हा संच `Hitters` या नावानं माहीत असतो. त्यात ३२२ फलंदाज आहेत, पण पगार २६३ जणांचेच नोंदलेले. हिट म्हणजे चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोचला, अशी नोंद. मोसमात १६२ सामने असतात, त्यामुळे नेहमी संघात असणाऱ्या खेळाडूचे दीडशेच्या आसपास हिट होणं नवलाचं नाही. पगार हजार डॉलरमध्ये आहेत आणि झाड बांधताना त्यांचा नैसर्गिक लॉग घेतला आहे, कारण थोड्या बड्या खेळाडूंचे पगार बाकीच्यांच्या कितीतरी वर जातात. पानांचे डॉलर म्हणजे लॉगची सरासरी उलटी फिरवून काढलेली रक्कम. ती गुणोत्तर मध्य असते, साध्या सरासरीपेक्षा कमी. पुस्तक वाचताना हे सहज निसटतं.

झाडानं साडेचार हा आकडा कसा शोधला? पद्धत अगदी कष्टाची आणि अगदी साधी. प्रत्येक रकान्यात शेजारच्या दोन किमतींच्या मधोमध कापून पाहायचं, दोन्ही गटांची सरासरी काढायची आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज किती उरते ते मोजायचं. जो काप ही बेरीज सर्वांत खाली आणेल तो ठेवायचा. मग प्रत्येक गटात तेच पुन्हा. सगळे २६३ खेळाडू एकत्र असताना लॉग पगाराची ही वर्गबेरीज २०७.२ आहे. वर्षांवर ४.५ ला कापलं की डावीकडे ९० जण राहतात आणि उजवीकडे १७३. बेरीज उरते ११५.१. एका घावात ४४ टक्के चढउतार समजला. उजव्या गटात हिटवर कापलं की ती ९१.३ वर येते. म्हणजे तीन आकडे आणि दोन प्रश्न यांनी पगारांतल्या फरकांचा ५६ टक्के हिशेब लागला. एवढ्या थोडक्या शब्दांत एवढं सांगणारं मॉडेल क्वचितच भेटतं.

आता पहिला काप. वर्षं पूर्णांकात असल्यामुळे ४.५ म्हणजे प्रत्यक्षात चार आणि पाच यांच्यामधली भिंत. अशी भिंत असायचं कारण बेसबॉलच्या करारात आहे. नवा खेळाडू पहिली काही वर्षं त्याच्या क्लबला बांधलेला असतो. क्लब देईल तो पगार घ्यायचा, कुठे जायचं नाही. ठरावीक सेवा झाली की पगाराच्या वादात लवाद मागता येतो. ही मर्यादा दोन वर्षं होती, ती १९८५ च्या करारानं १९८७ पासून तीन वर्षं केली. सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. ही तरतूद १९७६ च्या करारातली. म्हणजे पगार अनुभवाबरोबर हळूहळू पिकत नाही. हक्क बदलला की तो उडी मारतो. बाजारात एखादा नियम कुठेतरी दार उघडत असेल, तर त्या दाराशी सरळ रेषा अडखळते. ती प्रत्येक वर्षाला सारखंच वजन देते. तिसऱ्यावरून चौथ्याला जितकी टक्केवारी, तितकीच तेराव्यावरून चौदाव्याला. या माहितीत मात्र लॉग पगार पहिल्या पाच-सहा वर्षांत झपाट्यानं चढतो आणि नंतर जवळपास सपाट होतो. सरळ रेषा सुरुवातीचा चढ कमी दाखवते आणि पुढे नसलेला चढ दाखवते. दोन्हीकडे चूक.

पण मग काप तीनवर किंवा सहावर का आला नाही? कारण लवादाचं घड्याळ मोसम मोजत नाही, सेवेचे दिवस मोजतं. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. सप्टेंबरात थोड्या दिवसांसाठी बोलावलेल्या पोराचंही रकान्यात एक वर्ष धरलं जातं, सेवेत मात्र मूठभर दिवस. त्यामुळे रकान्यातली चार वर्षं म्हणजे कुणाची साडेतीन वर्षांची सेवा, तर कुणाची अडीच. नियमाची भिंत पक्की असली तरी आपल्या मापात ती पसरट होते. झाड थोडं आणखी वाढू दिलं की हे दिसतं. हिट आणि वर्षं एवढेच रकाने दिले तर डाव्या फांदीवर पुढचा काप पुन्हा वर्षांवरच येतो, ३.५ ला. तीन वर्षांपर्यंतच्या ६२ जणांचा लॉग पगार ४.८९२, म्हणजे सुमारे १,३३,००० डॉलर. बरोबर चार वर्षं झालेल्या २८ जणांचा ५.५८२, म्हणजे सुमारे २,६६,०००. चार वर्षं आणि पाच वर्षं यांच्यात भिंत आहे खरी, पण तिच्या अलीकडे चढही आहे, आणि तीन पानांच्या चित्रात तो सपाट करून टाकला आहे.

आता या झाडाची सर्वांत मोहक गोष्ट. डावीकडे हिटचा प्रश्नच नाही. नवखा खेळाडू कितीही चेंडू मारो, पगार तोच. जुन्याला मात्र हिटचे पैसे मिळतात. एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून असणं म्हणजे आंतरक्रिया, आणि तिच्यासाठी झाडाला वेगळी सोय करावी लागत नाही. एका फांदीवर प्रश्न विचारायचा, दुसरीवर नाही, की झालं. साध्या रेषीय मॉडेलमध्ये वर्षांचा गुणक एक आणि हिटचा एक, दोघंही आपापल्या जागी मुकाट बसलेले. त्यांचा गुणाकार आपण स्वतः मांडला तरच तो मॉडेलमध्ये येतो. मिशिगन विद्यापीठात जेम्स मॉर्गन आणि जॉन सॉनक्विस्ट यांनी १९६३ मध्ये सर्वेक्षणांच्या माहितीसाठी अशी फाटे फोडणारी पद्धत सुचवली, ती नेमकी याच अडचणीपायी. आंतरक्रिया कुठे आहे हे आधी माहीत नसताना गुणाकार कुठले कुठले मांडायचे?

हे वाचून मी बराच काळ खूश होतो. पण डावी फांदी आणखी एक पायरी खाली वाचली की चित्र बदलतं. तीन वर्षांपर्यंतच्या त्या ६२ नवख्यांना झाड पुढे हिटवरच कापतं, ११४ ला. खालच्या ४३ जणांचा लॉग पगार ४.७२७, वरच्या १९ जणांचा ५.२६४. अंतर ०.५४. जुन्यांत हिटच्या दोन्ही बाजूंमधलं अंतर ०.७४. म्हणजे नवख्यांनाही हिटचे पैसे मिळतच होते. जास्त हिट मारणाऱ्या नवख्याचा पगार कमी मारणाऱ्याच्या पावणेदोन पट, जुन्याचा दुपटीहून थोडा जास्त. छाटलेल्या झाडात डावीकडे हिट दिसत नाही, कारण तो काप छाटणीच्या कात्रीतून वाचण्याइतका मोठा नव्हता. परिणाम शून्य होता म्हणून नव्हे. झाडावर फांदी नसणं आणि जगात परिणाम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी, पण चित्राचा डौल असा की माणूस त्या एकच समजून बसतो.

डॉलरमध्ये पाहिलं तर मात्र आंतरक्रिया मोठीच आहे. नवख्याला जास्त हिटमुळे सुमारे ८०,००० डॉलर वाढून मिळतात, जुन्याला सुमारे ४,४२,०००. साडेपाच पट. लॉग घेतला की हेच अंतर ०.५४ विरुद्ध ०.७४ एवढं आकसतं. पगारासारख्या गोष्टी गुणाकारानं वाढतात आणि लॉग गुणाकाराची बेरीज करतो, म्हणून डॉलरमध्ये ढळढळीत दिसणारी आंतरक्रिया लॉगमध्ये बरीचशी विरघळते. रेषीय मॉडेल हरलं असं म्हणण्यापूर्वी त्याला योग्य मोजपट्टी दिली होती का, हे पाहायला हवं. मूळ डॉलरवर रेषा आणि झाड यांची झुंज लावली तर झाडाचा विजय काही अंशी लॉग न घेतल्याचा विजय असतो.

दुसरा काप, ११७.५, मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत आला. ११७ हिट मारणाऱ्याला चार लाख आणि ११८ मारणाऱ्याला साडेआठ लाख, असा व्यवहार कुठलाही क्लब करत नाही. करारात ११८ चा नियम नाही. मग झाडानं तिथे कापलं का? कापाच्या दोन्ही बाजूंना किती जण आहेत ते पाहा: ९० आणि ८३. जवळजवळ निम्मेनिम्मे. जिथे खरं नातं सरळ चढाचं असतं आणि माहिती सारखी पसरलेली असते, तिथे एकच काप द्यायचा झाला तर सर्वांत फायद्याचा काप मधोमधच पडतो. म्हणजे ११७.५ ला कुठली पायरी असेलच असं नाही. झाडाला चढ दिसला, आणि चढ दाखवायचं त्याच्यापाशी एकच साधन आहे, पायरी. वर्षांचा काप ९० आणि १७३ असा एका बाजूला कललेला आहे आणि त्यामागे नियम आहे. हिटचा काप मधोमध आहे आणि त्यामागे काहीच नाही. मधला काप हा पुरावा नव्हे, पण चढाची शंका घ्यायला पुरेसा आहे. झाड वाढवल्यावर एकाच फांदीवर तोच रकाना पुन्हापुन्हा येऊ लागला, तर ती शंका पक्की होते.

चढ पायऱ्यांनी दाखवायचा खर्च किती, हे हातानं काढता येतं. सरळ रेषेवर बसणाऱ्या, सारख्या पसरलेल्या माहितीत k सारख्या पायऱ्या केल्या तर मूळ चढउतारातला १/k² भाग उरतो. दोन पायऱ्यांत पाव भाग उरतो, चारांत सोळावा, दहांत शंभरावा. ऐकायला हे स्वस्त वाटतं. रेषेला मात्र ते काम एका गुणकात जमतं, तेही सगळ्या खेळाडूंची माहिती एकत्र वापरून, तर झाडाच्या प्रत्येक पानावर फक्त तिथल्या मोजक्या माणसांची सरासरी. खरी गंमत रकाने वाढल्यावर. समजा पगारावर तीन गोष्टींचा स्वतंत्र, सरळ परिणाम आहे आणि प्रत्येकीच्या चार पायऱ्या हव्यात. झाडाला तिन्हींच्या जोड्या लावाव्या लागतात: ४ × ४ × ४, म्हणजे ६४ पानं. २६३ खेळाडू ६४ पानांत वाटले की पानावर सरासरी चार जण. चौघांच्या सरासरीवर कुणी पगार ठरवू नये. क्रॉस-व्हॅलिडेशन अशा वेळी झाडाला निष्ठुरपणे छाटतं आणि मग दोन रकाने चित्रातून गायब होतात. रेषेला त्याच कामाला स्थिरांक धरून चार आकडे लागतात. बेरजेनं जुळणारे अनेक मध्यम परिणाम, आणि माहिती शेकड्यांत: इथे झाडानं रेषेशी स्पर्धा करू नये. पुस्तकातही छाटणी किती करायची ते असंच ठरवलं आहे. खेळाडू १३२ आणि १३१ असे वाटले, नऊ रकाने दिले, सहा भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, आणि सर्वांत कमी चूक तीन पानांच्या झाडाची निघाली. निकाल रास्त आहे. पण तो एवढंच सांगतो की एवढ्या माहितीत झाडाला तीनच पानं परवडतात. जगात तीनच गोष्टी घडतात असं तो म्हणत नाही.

झाडाच्या बाजूनं बोलताना आंतरक्रियेचं श्रेय जरा जपूनच द्यावं. झाड एका वेळी एकच काप पाहतं. दोन गोष्टींपैकी एकटीचा काहीच परिणाम नाही, पण दोन्ही मिळून परिणाम उलटतो, अशी निखळ फुलीसारखी आंतरक्रिया असली, तर पहिल्या कापात कुठेच फायदा दिसत नाही आणि झाड तिच्या शेजारून निघून जातं. इथे वर्षांचा परिणाम एकट्यानंच मोठा होता, म्हणून पुढचा रस्ता उघडला.

झाड आणि रेषा यांच्यात वाटतं तेवढं वैर नाही. पुस्तकातलं झाड असंही लिहिता येतं:

```
log(Salary) = 5.107 + 0.892·[Years ≥ 4.5]
                    + 0.741·[Years ≥ 4.5 आणि Hits ≥ 117.5]
```

चौकटी कंसातली अट खरी असेल तर १, नाहीतर ०. बेरीज करून पाहा, तीन पानं तशीच मिळतात. म्हणजे झाड हे रेषीय मॉडेलच, फक्त त्याचे रकाने माहितीकडे पाहून निवडलेले. आणि अडचण याच निवडीत आहे. हे रकाने `lm` मध्ये घालून छापून आलेला p-मूल्याचा आकडा पाहिला तर तो हमखास फुगलेला आत्मविश्वास दाखवतो, कारण शेकडो कापांमधून सर्वोत्तम निवडल्याचा हिशेब त्याला माहीत नसतो. काप करारातून घेतला असता तर तो आकडा प्रामाणिक राहिला असता.

म्हणून झाडाकडून मी उत्तर घेत नाही, सूचना घेतो. त्यानं सांगितलं की वर्षांचा परिणाम सुरुवातीला तीव्र आहे आणि मग थांबतो. करार सांगतो की सहा वर्षांनंतर खेळाडू मोकळा. तेव्हा रेषा सहाव्या वर्षी मोडायची आणि हिटला सरळ राहू द्यायचं:

```r
library(ISLR)
d  <- na.omit(Hitters)
m1 <- lm(log(Salary) ~ Years + Hits, data = d)
m2 <- lm(log(Salary) ~ pmin(Years, 6) + Hits, data = d)
m3 <- lm(log(Salary) ~ pmin(Years, 6) * Hits, data = d)
```

`m1` चे अवशेष वर्षांसमोर मांडले की मधोमध उंचवटा आणि दोन टोकांना खड्डा अशी कमान दिसायला हवी. ती दिसली की समजायचं, सरळ रेषा इथे बसत नाही. `m2` मध्ये ती बरीच निवळली पाहिजे. `m3` हा आंतरक्रियेचा प्रश्न रेषेच्या भाषेत विचारतो, आणि लॉगवर त्याचा फायदा किती उरतो ते तिथे कळतं. तीन पानांच्या झाडाची उलट तपासणी: उजव्या दोन पानांतले अवशेष वेगवेगळे काढून हिटसमोर मांडायचे. पानाच्या आत अवशेष चढत असतील तर झाडानं चढ पायरीत कोंबला आहे. मग सगळ्या मॉडेलांना तेच भाग देऊन क्रॉस-व्हॅलिडेशन, सगळीकडे लॉगवरच. एकाची चूक डॉलरमध्ये आणि दुसऱ्याची लॉगमध्ये मोजली की हवा तो निकाल काढता येतो.

या संचात पीट रोझही आहे. १९८६ हा त्याचा चोविसावा आणि शेवटचा मोसम. सिनसिनाटीचा व्यवस्थापकही तोच, वय पंचेचाळीस. त्या वर्षी हिट ५२, नोंदलेला पगार ७,५०,००० डॉलर. `m1` त्याच्या चोवीस वर्षांना चोवीस वेळा तोच गुणक लावतं आणि करार, वय, उतरती कळा यातलं काहीच मॉडेलला दिसत नाही. `m2` सहाव्या वर्षी थांबतं. झाडाच्या लेखी पाचवं आणि चोविसावं वर्ष एकच, म्हणून ५२ हिटवाल्या कुठल्याही जुन्या खेळाडूसारखे ते त्याला ४,०२,८३४ देतं. रोझच्या कारकिर्दीतले ४,२५६ हिट यातल्या कुणालाच माहीत नाहीत. ते `CHits` या वेगळ्या रकान्यात आहेत. तो रकाना घालायचा झाला तर आधी लक्षात घ्यायला हवं की तो `Years` बरोबरच वाढत जातो. तिथे रेषेचे गुणक डळमळतात, आणि झाड माहितीच्या एका अर्ध्या भागात एका रकान्यावर तर दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या रकान्यावर कापायला लागतं.